पाठराखीण म्हणून बोलावणे आले असताना दिलेला नकार : एक प्रकरण

माझ्या मामेबहिणीच्या मुलीचे लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरला झाले आणि मी त्या लग्नाला गेले नाही. मामेबहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून तिला मी ताईच म्हणते. शिक्षणशास्त्राची पदवी घेताना मी दोन वर्षे मामाच्या घरी राहिले होते. त्या काळात परीक्षेच्या दिवसांत माझा डबा भरून देणारी आणि रात्री उशिरापर्यंत माझ्याबरोबर जागणारी हीच ताई. अशा माणसाच्या घरच्या पहिल्या कार्याला नाही म्हणणे आणि तरीही नात्याला ओरखडा उठू न देणे, हे कसे घडले आणि त्यात माझ्या कोणत्या चुका झाल्या, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. त्या वर्षी बारावीच्या परीक्षेसाठी केंद्रसंचालक म्हणून माझी नेमणूक झाली होती. परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होणार, हे वेळापत्रक कित्येक आठवडे आधीच जाहीर झालेले होते. लग्नाची तारीख मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरली, आणि ती नेमकी विज्ञान शाखेच्या एका मोठ्या पेपरच्या दिवशी आली. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा होता, आणि त्या वेळी माझ्या केंद्रावर अकरा वाजता सुरू झालेला पेपर अर्ध्यावर आलेला असणार होता.

ताईचा फोन आला तेव्हा ती आनंदात होती. तारीख सांगून झाल्यावर लगेच म्हणाली, "आणि पाठराखीण म्हणून तूच जायचंस हं तिच्याबरोबर. मी ठरवूनच टाकलंय." लग्नानंतर नवरीसोबत सासरी जाऊन एक-दोन दिवस राहणारी पाठराखीण ही घरातली विश्वासाची बाई असते. ताईने तो मान मला देऊ केला होता. तारीख ऐकताच मला अडचण कळली होती, तरी मी म्हणाले, "बघते गं, जमवते काहीतरी."

या प्रकरणातील पहिली आणि सर्वांत मोठी चूक तीच होती. मला वाटले, मी वेळ मागून घेतला. ताईने त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि तिचे चुकले असे मला म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे जवळच्या माणसाचे "बघते" हे होकाराकडेच झुकलेले धरले जाते. पुढच्या बारा दिवसांत तिने वराकडच्या मंडळींना पाठराखीण कोण येणार ते सांगितले आणि माझ्यासाठी साडी घेतली. मी जितके दिवस गप्प राहिले, तितका माझा नकार तिच्यासाठी महाग होत गेला. लग्नघरात नुसत्या पाहुण्याने नाही म्हटले तर पंगतीतले एक पान कमी होते. पण ज्याच्याकडे मान किंवा काम आहे त्याने नाही म्हटले, तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते, आणि दुसऱ्याला ती उशिरा दिली की त्यालाही आपण बदली म्हणून आलो असे वाटते. म्हणून ज्याच्याकडे काम सोपवले आहे त्याने आपला नकार बाकीच्यांच्या कितीतरी आधी कळवायला हवा.

दुसरी चूक मी त्याच बारा दिवसांत केली. ताईच्या भावजयीचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, दुसऱ्याच कामासाठी फोन आला आणि बोलता बोलता तिने विचारले, "किती दिवस आधी येणार आहात?" तिला परीक्षेचे सगळे समजावत बसण्याचा कंटाळा आला म्हणून मी म्हणाले, "अहो, सासूबाईंचं काही खरं नाही, त्यामुळे अजून नक्की नाही." हे खोटे नव्हते. सासूबाईंच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली होती आणि त्या वॉकर धरून जेमतेम चालत होत्या. परंतु माझ्या न जाण्याचे खरे कारण ते नव्हते. एका घरात एक कारण आणि दुसऱ्या घरात दुसरे, अशी सुरुवात माझ्याकडून झाली होती.

येथे थोडे थांबून सांगते, कारण नकाराचे कारण विश्वासार्ह कसे ठरते याचे मर्म मला या ठिकाणी सापडले. आपण कारण फोनवर एका माणसाला सांगतो, पण ते तपासले जाते ते लग्नाच्या कार्यालयात. वर्षानुवर्षे एकमेकांना न भेटलेले नातेवाईक तिथे एका पंगतीत बसतात आणि जे आले नाहीत त्यांच्याविषयी बोलतात. "ती का नाही आली?" या प्रश्नाला एकीकडून "परीक्षा आहे" आणि दुसरीकडून "सासूबाई आजारी आहेत" असे उत्तर आले, की दोन्ही उत्तरे खरी असूनही दोन्ही सबबी ठरतात. शिवाय आजारपणाचे कारण दिले की त्याच्या मागोमाग चौकशी येते. आपली माणसे लग्नाची धावपळ आटोपली की आजाऱ्याला भेटायला येतात, फळे आणतात, डॉक्टर कोण ते विचारतात. ज्या आजारपणाच्या नावाने आपण लग्न टाळले ते आजारपण त्या भेटीत दिसले नाही, तर नंतर काहीही बोलून ते सावरता येत नाही. सुतकाचे खोटे कारण देणारेही मी पाहिले आहेत. ते तर भावकीत एका दिवसात उघडे पडते, आणि तसे झाल्यावर माणसे ते विसरत नाहीत.

मी एका रविवारी बसून स्वतःलाच एक प्रश्न विचारला : परीक्षा उद्या पुढे ढकलली गेली, तर मी जाईन का? उत्तर होय असे होते. सासूबाईंसाठी दोन दिवस बाई ठेवता आली असती, पैशांची सोय होती, जाण्याची इच्छा तर होतीच. म्हणजे परीक्षा हेच खरे कारण होते, आणि तेच एक सर्वांना सांगायचे असे मी ठरवले.

मात्र निमंत्रण सहकुटुंब, सहपरिवार असते. माझे कारण फक्त मला लागू होते. माझ्या पतींना लागू होत नव्हते. "तू नाहीस तर नाहीस, ते तरी येतील ना?" हा प्रश्न येणार हे उघड होते. आणि ते येणार नव्हते. अनेक वर्षांपूर्वी ताईचे यजमान आणि माझे पती यांच्यात एका जमिनीच्या व्यवहारावरून बोलाचाली झाली होती. भांडण असे नाही, पण तेव्हापासून दोघे एकमेकांच्या घरी गेलेले नव्हते. हे कारण लग्नाच्या तोंडावर उच्चारणे म्हणजे ताईच्या आनंदात जुना कडवटपणा कालवणे होते. मी पतींशी मोकळेपणाने बोलले. ते म्हणाले, "आईजवळ मी थांबतो. तू सकाळी आठला बाहेर पडणार, संध्याकाळी साडेसहाला येणार, कोणीतरी घरी लागेलच." हे खरे होते आणि त्या दिवशी तसेच घडणारही होते. त्यामागे आणखी काही होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. सांगायचे ते सर्व खरे असावे, पण जे जे खरे आहे ते सर्व सांगितलेच पाहिजे असे नाही, या भूमिकेवर मी आले आणि आजही मला ती योग्य वाटते. आमच्या घरातून कोणीच गेले नाही असे होऊ नये म्हणून पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलाने दोन दिवस आधी कोल्हापूरला जायचे ठरले. घरातले एक माणूस कार्याला आधीपासून राबत असले, तर न आलेल्या दोघांचे कारण आपोआप खरे वाटते.

निरोप कसा द्यायचा, यावर मी बराच विचार केला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिणे मला मुळीच मान्य नव्हते. तिथे नकार लिहिला की यजमानाला सर्वांदेखत "काही हरकत नाही" असे लिहावे लागते, आणि त्याला वाईट वाटले असेल तर ते तसेच आत राहते. म्हणून फोनच करायचा, आणि तो दुपारी तीनच्या सुमारास, जेव्हा ताईची जेवणे आवरून ती एकटी असते. काय बोलायचे ते मी आधी कागदावर लिहिले. पहिल्या मसुद्यात मी पाच-सहा वाक्ये प्रस्तावना केली होती : तुझे उपकार, आपले जुने दिवस, मला किती वाईट वाटते आहे, वगैरे. ते वाचल्यावर लक्षात आले, की ऐकणारीला पहिल्या वाक्यापासूनच काहीतरी अशुभ येणार असे वाटेल, आणि शेवटी माझीच समजूत तिला घालावी लागेल. तो कागद मी बाजूला ठेवला.

प्रत्यक्षात मी असे म्हणाले : "ताई, एक गोष्ट मी तुला बारा दिवसांपूर्वीच सांगायला हवी होती, ती आज सांगते. लग्नाच्या दिवशी मला येता येणार नाही. बारावीचा पेपर आहे आणि यंदा केंद्राची जबाबदारी माझ्याकडे आहे. तेव्हा बघते म्हणाले, ती माझी चूक झाली. पाठराखीण म्हणून दुसऱ्या कोणाला तरी आजच सांग, म्हणजे त्यांनाही वेळ मिळेल."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ताई म्हणाली, "एका दिवसाची रजा मिळत नाही का तुला?"

हा प्रश्न येणारच होता, आणि याच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून होते. "मिळतच नाही, मंडळ परवानगीच देत नाही," असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ते पूर्ण खरे नव्हते. अगदीच अडचण आली तर केंद्रसंचालकाच्या जागी दुसऱ्याची नेमणूक होऊ शकते. कोणी आजारी पडले तर परीक्षा थांबत नाही. आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही लग्नात चार शिक्षक असतातच. ताईची वहिनी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवते. मी "मिळत नाही" म्हटले असते आणि पंगतीत वहिनीने "तसं काही नसतं हो, बदली देतात" असे सांगितले असते, तर माझे खरे कारणही खोटे ठरले असते. ज्या विषयाचे कारण आपण देतो, त्या विषयातले जाणकार माणूस शेजारच्या पाटावर बसलेले आहे असे समजूनच ते द्यावे लागते.

म्हणून मी म्हणाले, "मागितली तर कदाचित मिळेल, ताई. पण मी मागणार नाही. प्रश्नपत्रिकांची पाकिटं माझ्या सहीनं ताब्यात घ्यायची, वेळेवर उघडायची, उत्तरपत्रिका मोजून, बांधून परत द्यायच्या. एखाद्या वर्गात काही गैरप्रकार झाला तर उत्तर मलाच द्यावं लागतं. परीक्षेच्या मध्यावर हे दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी लग्नाला आले, तर तिथं बसून माझं लक्ष इथंच राहील." हे उत्तर अधिक बोचरे होते, कारण त्यात माझी निवड दिसत होती. परंतु ताईला ते पटले असे तिच्या आवाजावरून वाटले. माझ्या मते "मला शक्य नाही" यापेक्षा "मी असे ठरवले आहे आणि का ते हे" हे सांगणे जवळच्या माणसाला अधिक पचते, कारण शक्य-अशक्यतेवर तो उपाय सुचवत राहतो. गाडी पाठवते, पेपर संपल्यावर नीघ, रात्रीपर्यंत पोहोचशील, असे सुरू होते, आणि प्रत्येक उपायाला नाही म्हणताना मूळच्या एका नकाराचे पाच नकार होतात.

ताई शेवटी "बरं, ठीक आहे" म्हणाली. त्या "ठीक आहे" मध्ये ठीक काही नव्हते. मी तिला हसवण्याचा प्रयत्न केला नाही आणि त्याच फोनवर केळवणाचा विषयही काढला नाही. वाईट वाटलेल्या माणसाला लगेच दुसरे काही देऊ करणे म्हणजे त्याचे वाईट वाटणे लवकर आटोपायला सांगणे होय. त्याच संध्याकाळी मी वहिनीला फोन करून परीक्षेचे खरे कारण सांगितले, आणि सासूबाईंजवळ त्या दिवशी पती थांबणार असल्याचेही सांगितले. दोन दिवसांनी मी ताईला पुन्हा फोन केला.

"पत्रिका द्यायला कधी येताय?" असे मी विचारले. हा प्रश्न माझ्याकडून जाणे आवश्यक होते. आपण येत नाही म्हटल्यावर यजमानाला संकोच वाटतो, की आता पत्रिका द्यायला जावे की नाही. गेले तर आग्रह केल्यासारखे होते आणि नाही गेले तर टाळल्यासारखे. येता येणार नसले तरी निमंत्रण आम्हाला हवे आहे, आमच्या देवापुढे पत्रिका ठेवली गेली पाहिजे, हे आपणच म्हणावे लागते. मग मी केळवणाचे विचारले. मुलगी पुण्यात नोकरी करत होती. तिला शनिवारी नाशिकला येणे सहज शक्य होते, आणि माझी परीक्षा सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते. ताई म्हणाली, "मीच घेऊन येते तिला. पत्रिकाही देईन."

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दोघी आल्या. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, मसालेभात, असे साधेच पण सगळे घरी केलेले केळवण झाले. सासूबाईंनी खुर्चीत बसून मुलीची ओटी भरली. पतींनी पंगतीत आग्रहाने वाढले आणि ताईशी नेहमीसारखे बोलले. आहेर मी त्याच दिवशी दिला : मुलीला साडी आणि पाकिटात पाच हजार एक रुपये. लग्नाला गेले असते तर जे दिले असते, तेवढेच. येत नाही म्हणून वाढवून दिलेला आहेर घेणाऱ्याला बरोबर कळतो, आणि तो भेटीपेक्षा भरपाईसारखा वाटतो. कमी दिला तर अंग काढून घेतल्यासारखे होते. लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच्या हाती पाकीट पाठवणेही मला नको होते. ते पाकीट तिथल्या गर्दीत इतर पाकिटांत मिसळून जाते, आणि मुलीला तुमचा हात आठवत नाही.

ताईने माझ्यासाठी घेतलेली साडी बरोबर आणली होती. ती घ्यावी की नाही, याचा मला क्षणभर संकोच वाटला, कारण ती पाठराखिणीसाठी घेतलेली होती. ताई म्हणाली, "घे. तुझ्यासाठीच बघितली होती, दुसरीला कशी देऊ?" मी घेतली. नाही म्हटले असते तर तो दुसरा नकार झाला असता.

निघताना मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, "मावशी, खरंच परीक्षेमुळेच ना?" लहानपणापासून घरात काय काय बोलले जाते ते मुलांना कळत असते. मी म्हणाले, "माझं कारण परीक्षाच आहे." तिने पुढे विचारले नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी केंद्रावर निघण्यापूर्वी मी ताईला दोन ओळींचा निरोप पाठवला, त्यात न येण्याचा उल्लेख केला नाही. मुहूर्ताच्या वेळी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायचा नाही असे मी मुलालाही सांगून ठेवले होते. न आलेल्या माणसाला पडद्यावर दाखवण्यासाठी लग्नघरातल्या कोणीतरी आपले काम सोडावे लागते, आणि मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांचे लक्ष बोहल्यावर असायला हवे. रात्री, पाठवणी होऊन घर रिकामे झाले असेल अशा वेळी, मी ताईला फोन केला. ती खूप वेळ बोलली. मुलगी सासरी गेल्याच्या रात्री आईला बोलायला कोणीतरी लागते, आणि दिवसभर तिथे वावरलेली मंडळी त्या वेळी थकून झोपलेली असतात. तो फोन जवळजवळ तासभर चालला.

मुलाने परत आल्यावर सांगितले, की वहिनीने त्याला विचारले होते, "आजी कशी आहे रे आता?" आणि दुसऱ्या एका आत्याने विचारले, "आईची परीक्षा संपेल कधी?" दोन्ही प्रश्न एकाच पंगतीत आले आणि एकमेकांना छेद न देता निघून गेले. बारा दिवसांच्या त्या गोंधळानंतर मी वहिनीला पुन्हा फोन केला नसता, तर असे झाले नसते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मी मुलीची सख्खी मावशी असते, किंवा माझे पती तिचे मामा असते आणि तिला बोहल्यावर आणण्याचा मान त्यांचा असता, तर कोणत्याही परीक्षेचे कारण पुरले नसते असे मला वाटते. तिथे बदली नेमणूक मागणेच योग्य ठरले असते. आणि ज्याला मनातून जायचेच नाही, त्याने माझ्यासारखे तपशीलवार कारण देण्याचा प्रयत्न करू नये. "त्या दिवशी येणं जमणार नाही" एवढे लवकर आणि स्पष्ट सांगून, घरी बोलावून मुलीचे केळवण करावे. कारण विचारले गेले तरी त्यात भर घालू नये.

परीक्षा आटोपल्यावर मी एप्रिलमध्ये ताईकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले, तिने दिलेली साडी नेसून. बायका गेल्यावर आंब्याची डाळ आणि पन्ह्याचे पेले घेऊन आम्ही दोघी अल्बम बघत बसलो. पाठराखीण म्हणून वहिनीची बहीण गेली होती. फोटोत ती मुलीच्या शेजारी उभी होती आणि तिनेही जबाबदारी उत्तम सांभाळल्याचे ताईने सांगितले. शेवटचे पान उलटून झाल्यावर ताईने अल्बम मिटला आणि म्हणाली, "दिवाळीला जावई पहिल्यांदा येणार आहेत. तेव्हा तुम्ही दोघांनी या. माझ्याकडूनही सांगते मी घरात."

मी म्हणाले, "मीही विचारते."